‘आतां’ म्हणजे कधी?

मागच्या काजूच्या हंगामात संध्याकाळी फोन वाजला. (मागच्या म्हणजे कुठल्या, हे लिहायची सवय मला अजून लावून घ्यायची आहे. एप्रिल २०२३.) पलीकडे गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातली एक बाई होती. मुलगा बोटीवर नोकरीला, सून नर्सरीत कामाला, आणि घरी नऊ वर्षांचा नातू. या नातवाला बारा-तेरा दिवसांपूर्वी काजूच्या बागेत कुत्र्याचं पिल्लू चावलं होतं. माझा नंबर तिला देवळाच्या कमिटीतल्या कुणीतरी दिला होता. मागे भट्टीवर भांडी आपटल्याचा आवाज येत होता. तिने नमस्कार-चमत्कार आटोपले आणि एकदम विचारलं, “भाई, पांच म्हणून तुमीच बरयलां न्हय? मग हांगा चारच कित्याक?”

मी लिहिलं होतं, खरंच. जानेवारीत जत्रेला निघालेल्या स्मरणिकेत माझा ‘कुत्रा चावल्यास’ नावाचा दीड पानी लेख होता आणि त्यात ठळक अक्षरांत ओळ होती: ‘आता पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत, दंडात पाचच पुरतात – पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.’ तिने ते पान कापून ठेवलं होतं आणि दवाखान्याच्या कार्डाशी ताडून पाहिलं होतं. कार्डावर ०, ३, ७ आणि मग थेट २८. चौदाचा पत्ता नव्हता. शिवाय, ती म्हणाली, औषध दंडात खोल घातलंच नाही. दोन्ही हातांच्या कातडीत थेंबभर टोचलं, मसुराच्या डाळीएवढा फोड आला आणि गेला. आणि जखमेत घालायचं महागाचं औषध सिरिंजमध्ये अर्ध्याहून जास्त उरलं, ते पोराला दिलंच नाही. तुम्ही तर लिहिलंय, उरलेलं मांडीत द्यायचं. सरकारी दवाखाना म्हणून आमच्या वाटचं वाचवलं का हो त्यांनी?

पस्तीस वर्षं म्हापशात औषधांच्या दुकानात काढलेला माणूस मी. मी काय म्हणायला हवं होतं? ‘थांबा, बघून सांगतो.’ मी म्हणालो, “हो, पाचच. चौदावा दिवस चुकवू नका, उद्याच जा.”

ती गेली. एक दिवसाची मजुरी बुडवून, पोराची शाळा बुडवून, बस बदलून गेली. नर्सने कार्ड पाहिलं आणि म्हणाली, अठ्ठावीसला या. बाईने पर्समधून पान काढून दाखवलं. नर्सने ते वाचलं, हसली म्हणे, आणि परत दिलं. त्या हसण्याचं तिला जास्त लागलं. रात्री पुन्हा फोन. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “म्हातारपणी लोक हंसपाक लागले, भाई.” तो शीण माझ्या पानाने दिला होता, आणि माझ्या तोंडाने त्यावर शिक्का मारला होता.

त्या रात्री मी कपाट उपसलं. तो लेख मी २०१७ साली एका शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहिला होता. समोर ठेवली होती जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांच्या २०१३च्या अहवालावर आधारलेली पुस्तिका. तेव्हा त्यात जे होतं तेच मी उतरवलं, इमानाने. २०२२च्या डिसेंबरात स्मरणिकेच्या सेक्रेटरीचा फोन आला, भाई तो जुना लेख आहे तो घालू का, लोकांना उपयोगी आहे. मी आंघोळीला निघालो होतो. घाला म्हटलं. त्याने जशाच्या तसा टाईप करून घेतला. शाळेचं नाव काढलं, तारीख मुळात नव्हतीच. वर मुखपृष्ठावर देवीचा फोटो आणि खाली मोठ्या आकड्यांत २०२३. पाच वर्षांचं लिखाण एका रात्रीत ताजं झालं.

मधल्या काळात काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण इथे कुणी आधी खोटं आणि मग खरं सांगितलं असं नाही. रेबीजची लस देण्याचे दोन रस्ते आहेत. एक दंडाच्या स्नायूत: दर खेपेला अख्खी कुपी, पाच खेपा. माझ्या दुकानातून विकली जायची ती हीच, म्हणून माझ्या डोक्यात ‘लस म्हणजे पाच कुप्या’ हे सिमेंटसारखं बसलं होतं. दुसरा रस्ता त्वचेत: दर खेपेला दोन्ही दंडांवर ०.१ मिलीलीटर, बस. कातडीत परक्या गोष्टीची खबर पुढे पोचवणाऱ्या पेशी दाटीने असतात, त्यामुळे थोडक्या औषधावर शरीर तेवढंच जागं होतं. हिशेब मांडून बघा: चार खेपा, दर खेपेला दोन टोचण्या, म्हणजे आठ वेळा ०.१, मिळून ०.८ मिलीलीटर. पाच कुप्यांच्या जागी जेमतेम एक-दोन कुप्यांचं औषध. मात्र कुपी एकदा विरघळवली की ती काही तासांतच वापरावी लागते, म्हणून हे परवडतं ते रोज अनेक लोक चावून घेऊन येतात अशा ठिकाणी. सरकारी दवाखान्यात. माझ्या दुकानात एका दिवशी एक गिऱ्हाईक, तिथे उरलेली कुपी कुणासाठी ठेवणार? भारतात त्वचेतल्या लसीला २००६ सालीच परवानगी मिळाली होती. मी २०१७ साली लेख लिहिला तेव्हा ती अकरा वर्षं जुनी गोष्ट होती. म्हणजे पाचाची ओळ शिळी झाली म्हणून चुकली असं सांगून मला सुटता येत नाही. ती आजही बरोबर आहे, फक्त स्नायूच्या रस्त्यापुरती. कुठल्या रस्त्याची, ते मी लिहिलं नव्हतं.

जखमेत घालायच्या त्या महागाच्या औषधाचं, सिरमचं, मात्र खरोखर बदललं होतं. दात रुतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडं सोडतात, कारण लसीने शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढा वेळ जखमेतला विषाणू थांबत नाही. घोड्यापासून केलेलं सिरम असेल तर वजनाच्या दर किलोला ४० एकक. पोरगा चोवीस किलोचा. म्हणजे ९६० एकक. बाटलीवर एका मिलीलीटरला ३०० एकक असं लिहिलेलं असलं तर झालं ३.२ मिलीलीटर. आता घोट्याजवळ दोन दातांच्या खुणा, तिथे मांस तरी किती असतं? त्यात सव्वातीन मिलीलीटर मावतच नाही. जुना नियम होता की मावेल तेवढं जखमेत भरा आणि उरलेलं लांब कुठेतरी स्नायूत द्या, मांडीत म्हणा. २०१८च्या एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका नव्याने मांडली: लांब स्नायूत दिलेल्या भागाचा फायदा नगण्य, तेव्हा सगळा भर जखमेवर द्या, उरलेलं निर्जंतुक पद्धतीने राखून दुसऱ्या रुग्णाला वापरा. सिरमचा तुटवडा जगभर आहे, हे त्यामागचं दुसरं कारण. म्हणजे सिरिंजमध्ये उरलेलं पाहून बाईला जी चोरी वाटली, ते नव्या नियमाप्रमाणे चोख काम होतं. कुणी तिला तसं सांगितलं असतं तर. पण खिडकीपाशी रांग असते, आणि रांगेत कोण कुणाला कधीची भूमिकापत्रं वाचून दाखवणार.

चार खेपा पाहूनही मी रात्री गोंधळलो होतो, कारण २०१८च्या त्या कागदात त्वचेतल्या लसीच्या खेपा तीनच होत्या: ०, ३, ७. अठ्ठावीसवा दिवस त्यांनी काढून टाकला होता. मग दवाखाना चार का देत होता? तर आपल्या केंद्र सरकारची रेबीज प्रतिबंधाची मार्गदर्शिका २०१९ची, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या कागदानंतरची, आणि तिने अठ्ठावीसवा दिवस ठेवला आहे. एक सांगते तीन, दुसरी सांगते चार, माझं पान सांगतं पाच. तिन्ही एकाच वेळी छापलेली सापडतील. ‘सर्वांत नवं ते खरं’ हा सोपा मार्गही इथे उपयोगी पडत नाही. नातवाच्या कार्डाला लागू होणारा आकडा एकच, आणि तो कुठला हे कळायला दोन गोष्टी हव्यात: कुणाचं म्हणणं, आणि कुठल्या सालचं. माझ्या दीड पानात दोन्ही नव्हतं. होता तो एक गुबगुबीत ‘आता’.

या ‘आता’ने मला आधीही एकदा पकडलं होतं, पण तेव्हा मी लहान होतो आणि तो दुसऱ्यांच्या तोंडी होता. साल १९७८. माझ्या आतेभावाला शिवोलीला कुत्रं चावलं. त्याने ते आठ दिवस लपवलं. पँटीच्या आत रुमाल बांधून शाळेत यायचा. चावल्याची भीती नव्हती, पोटात चौदा सुया ही भीती होती. शेवटी वास यायला लागला तेव्हा आत्याने पाहिलं, जखमेत कुणाच्या तरी सांगण्यावरून चुना आणि मिरचीची पूड भरलेली. मग रोज सकाळी मामाच्या सायकलवर पुढे बसून तो म्हापशाला जायचा. बेंबीच्या भोवती एकेक करत गोळे उठत गेले, घड्याळाच्या आकड्यांसारखे. रात्री आत्या त्यावर खोबरेल तेल कोमट करून लावायची, त्या तेलाचा आणि डेटॉलचा मिसळलेला वास मला आजही ओळखता येईल. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे. कसौलीला १९११ साली डेव्हिड सेंपल याने तिची पद्धत बसवली आणि आपल्या देशात ती २००४ संपेपर्यंत तयार होत होती. काहींना तिच्यामुळेच लकवा व्हायचा. आतेभाऊ सुखरूप राहिला, आज नाती आहेत त्याला.

पण ‘चौदा’ मेलं नाही.

लस बंद होऊन वीस वर्षं होत आली तरी माझ्या ओळखीतली शहाणीसुरती माणसं कुत्रं चावल्यावर पहिला हात पोटावर ठेवतात. म्हणूनच तर मी तो लेख ‘आता पोटात चौदा नाहीत’ असा सुरू केला होता. जुन्या भीतीला नव्या माहितीने झाकायला निघालो आणि माझीच नवी माहिती तिथेच बसून जुनी झाली. चौदा गेले, पाच आले, आणि कुणाच्या तरी घरातल्या पत्र्याच्या पेटीत हा पाचही पुढची तीस वर्षं राहील. गोष्ट खरी असताना छापली की ती खरी असल्याचा वास तिला कायमचा लागतो, हे मला आतेभावाच्या पोटाने शिकवायला हवं होतं.

दुकानात मी हे कधी चुकवलं नसतं. माल आला की जुनी मुदत पुढे, नवी मागे. लस दोन ते आठ अंशांत, आणि वीज गेली की फ्रिजचं दार उघडायचं नाही म्हणून मी मुलांना ओरडायचो. पट्टीचा कोपरा कापला आणि मुदतीची तारीख त्या कोपऱ्यावर गेली, तर उरलेल्या गोळ्या मी परत घेत नसे, त्या कालच्या असल्या तरी. लेखाला मात्र मी कोपरा दिलाच नव्हता.

आणखी एक ‘आतां’ त्याच आठवड्यात कानावर आला. डिचोलीच्या बसमध्ये मी शेजारच्या गृहस्थाला हे सगळं सांगत होतो, तर तो हात उडवून म्हणाला, “गोंयांत आतां रेबीज ना मगो, सरकारानच सांगलां.” त्याचं म्हणणं कुठून आलं हे मला कळत होतं. २०१४ पासून मिशन रेबीजवाले आणि सरकार मिळून गावोगाव जाळी घेऊन कुत्री पकडून टोचत फिरले, टोचलेल्या कुत्र्याला रंगाची खूण करायचे. आमच्या गल्लीतला काळू महिनाभर हिरव्या पाठीने फिरत होता. काम खरंच मोठं झालं, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला. नियंत्रित. त्या गृहस्थाने वाटेत कुठेतरी ‘नियंत्रित’चा ‘ना’ करून टाकला होता आणि २०२१चा ‘आतां’. कुत्र्यांना दोडामार्गची हद्द दिसत नाही, दरवर्षी नवी पिल्लं जन्मतात, त्यांना दरवर्षी टोचावं लागतं. एखाद्या वर्षी टोचणी ढिली पडली तर त्या घोषणेचा अर्थ पातळ होत जातो. चावलेल्या माणसाने त्या घोषणेवर विसंबून घरी बसावं असं कुणी कधीच म्हटलेलं नाही. पण वाक्य किती गोड आहे. गोड वाक्याची तारीख कोण विचारतो?

पुढल्या आठवड्यात मी लेख नव्याने लिहायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की काही वाक्यांना तारीख लागतच नाही. ‘जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा’ हे वाक्य मी २०१७ मधूनही जसंच्या तसं उचललं. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, हे खेपांच्या हिशेबावर अवलंबून नाही. चुना, मिरची, कॉफीची पूड नको, हेही तसंच. जखम लगेच शिवून टाकू नये, हेही बऱ्यापैकी टिकलंय. पण जिथे आकडा आला, खेप आली, ‘उरलेलं कुठे द्यायचं’ आलं, तिथे तारीख हवी. म्हणून पाचाच्या ओळीच्या जागी मी लिहिलं: ‘केंद्र सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शिकेप्रमाणे सरकारी दवाखान्यात लस बहुधा त्वचेत देतात, त्या पद्धतीत दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. सुरुवात ज्या पद्धतीने झाली तीच पुढे चालू राहते, तेव्हा तुमच्या कार्डावरचे दिवस हेच तुमचे दिवस. हे मी मे २०२३ मध्ये पडताळलं.’ सेक्रेटरीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, भाई, हे वीजबिलासारखं झालं, आधीचं वाचायला कसं छान होतं. खरंच होतं. ‘आता पाचच पुरतात’ यात एक दिलासा आहे, लय आहे. तारीख घातली की वाक्य लंगडतं.

तारखा तरी किती घालायच्या? मी लिहिलं ती एक, मी ज्या कागदावरून लिहिलं त्याची दुसरी, आणि शेवटचं कधी तपासलं ती तिसरी. स्मरणिकेने चौथी लावली होती, छापल्याची, आणि वाचणाऱ्याला दिसली ती तेवढीच. यातली दुसरी सगळ्यात कामाची, हे मला उशिरा कळलं. २०१७चा लेख २०१३चा कागद सांगत होता, म्हणजे तो जन्मतःच चार वर्षांचा होता, आणि पाच महिन्यांनी नवा कागद निघायचा होता. कुणी २०१७ वाचलं असतं तरी त्याला हे कळलं नसतं. कागदाचं साल दिसलं असतं तर निदान विचारलं असतं, यानंतर काही आलंय का?

मे महिन्यात मी तिच्या घरी गेलो. अठ्ठावीसवा दिवस झाला होता, कार्ड भरलं होतं, पोरगा अंगणात टायर फिरवत होता. मीच अपराधी, पण तिने चहाबरोबर नेवऱ्या पुढे केल्या, चतुर्थी नसताना. मी सगळं समजावून सांगितलं: त्वचेत, स्नायूत, मांडीतलं का बंद झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे त्यावेळी तुमचं खरं होतं आणि आता त्यांचं खरं. मग पुढल्या साली हेही बदललं तर?” बदलेल, मी म्हणालो. कदाचित अठ्ठावीसवा दिवस इथेही जाईल. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, तारखांनी मी तिचा उरलासुरला विश्वासही घालवला. एका आकड्यावर माणूस श्रद्धा ठेवू शकतो. ‘२०१९ नुसार’ यावर कसली श्रद्धा ठेवायची? मग ती म्हणाली, “बरें. निदान आज काय घालतात तें सांगतात.” याचा नेमका अर्थ मला लागला नाही. तिने उलगडलाही नाही.

मी ते जुनं पान परत मागितलं. बदलून देतो, नवीन छापलेलं आणलंय, म्हटलं. ती उठली, देव्हाऱ्याच्या बाजूच्या खणातून पान काढलं आणि मला न देता उलटं धरलं. मागच्या बाजूला जत्रेतल्या नाटकाचा जुना फोटो होता. डाव्या बाजूला, तलवार घेऊन उभा असलेला, तिचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा छापलेला फोटो हा एवढाच. “हें दिवपाचें ना.”

मग मी खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या लेखाच्या डोक्यावर, समासात, लिहायला लागलो: ‘लिहिलं २०१७, २०१३च्या माहितीवरून, खेपा आणि सिरमसाठी नवं पान पाहा.’ कागद गुळगुळीत आर्टपेपर, शाई धरेना, नुसते चरे पडत राहिले. पोराने आतून मार्कर आणून दिला. तो धरला, पण फार दाट उतरला. पान उलटून पाहिलं तेव्हा तलवारीच्या टोकाशी २०१७चा सात उमटला होता, उलटा. ती जवळ घेऊन बघत राहिली. मग पदराने पुसून पाहिलं, आणि पान खणात ठेवून दिलं.